टोपण बसवण्याआधी ते काढायचं कसं, ते ठरवा

एम.एस्सी.च्या मुलांना मी पहिल्याच तासाला एक गणित घालतो. तुमच्याकडे इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट आहे. त्याच्या एका टोकाला किटोन आहे, दुसऱ्या टोकाला एस्टर. एस्टरचं अल्कोहोल करा, किटोनला मात्र धक्का लावू नका. बहुतेक जण लगेच लिहितात, ‘लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड’. घोळ तिथेच होतो. हायड्राइडला किटोन जास्त आवडतो, कारण एस्टरमधला शेजारचा ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन कार्बोनिलकडे सरकवतो आणि तो कार्बन तितका भुकेला राहत नाही. सोडियम बोरोहायड्राइडसारखा सौम्य रिएजंट घेतला तर फक्त किटोन जातो आणि एस्टर तसाच उरतो, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. जोरदार रिएजंट घेतला तर दोन्ही जातात. रिएजंट बदलून हे सुटत नाही. म्हणून किटोनवर थोडा वेळ टोपण घालायचं.

हे टोपण म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. त्याचे दोन हायड्रॉक्सिल किटोनच्या एकाच कार्बनला जोडले जातात, पाच अणूंचं कडं तयार होतं आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. या कड्याला आपण किटाल म्हणतो. आता तिथे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध उरलेलाच नाही, त्यामुळे हायड्राइडला किंवा ग्रिग्नार्ड रिएजंटला धरायला जागा नाही. आम्लारी द्रावणातही किटाल शांत बसतो. त्याचा ऑक्सिजन सुटायचा तर आधी त्यावर प्रोटॉन यावा लागतो, आणि प्रोटॉन आम्लातच मिळतो.

प्रमाणं सांगतो, कारण खरी गोष्ट प्रमाणात आहे. 13 ग्रॅम अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, म्हणजे 0.1 मोल. ग्लायकॉल थोडं जास्त, साधारण 7.5 ग्रॅम. टॉल्यूइन 100 मिली आणि पॅरा-टॉल्यूइनसल्फोनिक आम्ल चिमूटभर, 0.2 ग्रॅमच्या आसपास. वर पाणी वेगळं करणारा डीन-स्टार्क सापळा लावून उकळत ठेवा. टॉल्यूइन आणि पाणी मिळून सुमारे 85 अंशांना वर येतात, थंड होऊन सापळ्यात उतरतात आणि पाणी तळाशी बसतं. 0.1 मोलचं पाणी 1.8 मिली. सापळ्याच्या खुणांवर डोळा ठेवलात तर रिअ‍ॅक्शन किती झाली ते दिसत राहतं. पाणी 1 मिलीवर अडकलं तर काम अर्धवट आहे. दोन मिलीच्या वर गेलं तर ग्लायकॉल किंवा टॉल्यूइन ओलं होतं, किंवा थोडं ग्लायकॉलच वर आलं.

पाणी काढून टाकण्याची एवढी धडपड कशासाठी? कारण ज्या आम्लानं हे टोपण बसतं, त्याच आम्लानं ते निघतं. पाणी बाहेर काढत राहिलात तर तोल किटालकडे झुकतो, पाणी घातलंत तर किटोनकडे. माझी स्वतःची एक चूक इथे सांगतो. विद्यार्थी असताना एकदा सापळ्यात पाणी अगदी बरोबर जमलं. मी खूश होऊन मिश्रण तसंच रोटरीवर आटवायला लावलं, सोडियम बायकार्बोनेटनं धुतलंच नाही. टॉल्यूइन उडत गेलं तसं आत राहिलेलं आम्ल तीव्र होत गेलं, हवेतला ओलावा मिळाला आणि पातळ थराच्या पट्टीवर दोन ठिपके आले. माल निम्मा परत किटोन झाला होता. तेव्हापासून आधी बायकार्बोनेट, मग आटवणं, हा क्रम मी कधी मोडला नाही.

किटोन खरंच झाकला गेला का, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट काही प्रमाणात इनॉल रूपात असतं, त्यामुळे फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की जांभळट रंग येतो. किटालला इनॉल करताच येत नाही, म्हणून रंग येत नाही. रंग आला तर मूळ माल शिल्लक आहे. किटोनला नारिंगी रंग देणारा डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिनचा फवारा मात्र जपून वाचा. त्यात आम्ल असतं, आणि पट्टी तापवली की किटालही हळूहळू उघडून नारिंगी होतो. लगेच येणारा रंगच खरा धरायचा. एनएमआर घेतलात तर 3.95 पीपीएमजवळ चार हायड्रोजनांचा गठ्ठा दिसतो आणि 2.2 जवळचा मिथाइल 1.5 कडे सरकतो. या किटालला सफरचंदासारखा वास असतो. अत्तरवाले हाच पदार्थ फ्रुक्टोन नावानं वापरतात.

आता हायड्राइड. 14 ग्रॅम किटाल, म्हणजे 0.08 मोल. एक मोल हायड्राइड दोन मोल एस्टरला पुरतं, पण थोडं जास्त म्हणून 2.3 ग्रॅम घ्या. कोरडा इथर, बर्फ, आणि एस्टर थेंबाथेंबानं. संपल्यावर विझवताना सवयीनं पातळ आम्ल ओतू नका, टोपण तिथेच उडेल. बर्फावरच आधी 2.3 मिली पाणी अगदी हळू, मग 2.3 मिली 15 टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, मग 6.9 मिली पाणी. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार पांढऱ्या दाणेदार रूपात बसतात, गाळून टाकता येतात. हातात आता किटाल शाबूत असलेलं अल्कोहोल आहे.

इथेच थांबलं तर बरं वाटतं, पण पुढे काय करायचं यावर सगळं अवलंबून आहे. टोपण काढायला गरम आम्ल वापरलं तर 4-हायड्रॉक्सी-ब्युटेन-2-ओन मोकळं होतं, आणि ते पटकन पाणी टाकून मिथाइल व्हिनाइल किटोन बनतं. डोळ्यांत पाणी आणणारा तिखट वास आला की समजायचं. म्हणून ओल्या अ‍ॅसिटोनमध्ये पिरिडिनियम टॉसिलेटसारख्या सौम्य आम्लावर काम करायचं.

समजा आता मोकळ्या किटोनवर मिथाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड घालायचं आहे. अल्कोहोलचा हायड्रोजन ग्रिग्नार्डला आधीच खाऊन टाकेल आणि मिथेनचे बुडबुडे सुटतील. मग अल्कोहोलही झाकायला हवं, तेही किटाल असतानाच. यासाठी सिलिल क्लोराइड, इमिडाझोल आणि डीएमएफ. हे मिश्रण आम्लारी असल्यानं किटाल सुखरूप राहतो. कोरी आणि वेंकटेश्वर्लू यांनी 1972 मध्ये टर्ट-ब्युटाइलडायमिथाइलसिलिल गटासाठी हीच पद्धत दिली.

पण तो गट इथे मी घेणार नाही. किटाल काढताना आम्ल लागतं, आणि प्राथमिक अल्कोहोलवरचा हा सिलिल आम्लात सहज निघतो. दोन्ही टोपणं एकदम उडाली तर घालण्यात अर्थच नाही. त्याऐवजी टर्ट-ब्युटाइलडायफेनिलसिलिल घेतो. तो आम्लात सुमारे 250 पट अधिक टिकतो. किटाल आधी निघतो, सिलिल जागेवर राहतो, ग्रिग्नार्ड किटोनवर जातं. शेवटी टेट्राब्युटाइलअमोनियम फ्लोराइड टीएचएफमध्ये घालायचं. सिलिकॉनला फ्लोरिनची ओढ इतकी जबर असते की इतरांच्या वाटेला न जाता तो गट सुटतो आणि 3-मिथाइलब्युटेन-1,3-डायॉल हाती येतं. पाण्यात विरघळणारा पदार्थ आहे. नेहमीसारखं भरपूर पाण्यानं धुवाल तर सगळा माल सिंकमध्ये जाईल, तेव्हा मीठ घालून इथाइल अ‍ॅसिटेटनं चार-पाच वेळा ओढून घ्या.