चौथ्या मजल्यावरची काच

(दृश्य: गोव्यातलं मिरामार, समुद्राकाठी. चौथ्या मजल्यावरची बाल्कनी, जुनी लोखंडी ग्रील, भिंतीवर गंजाचे ओघळ.)

ग्रील कितीही रंगवा, पावसाळा सरला की गंज पुन्हा भिंतीवर उतरतो. कंटाळून घरमालकांनी काचेची रेलिंग करायचं ठरवलं. फॅब्रिकेटरचं कोटेशन एका ओळीचं आहे: ‘12 एमएम टफन, स्पिगॉटवर.’ स्पिगॉट म्हणजे काच तळाशी धरून ठेवणारे पोलादी खुंट. शिवाय तोंडी खात्री, “काका, टफन आहे, फुटायची नाही.”

फुटते. साध्या काचेपेक्षा चार-पाच पट ताकदीची असली तरी फुटते.

टफन काच आधी मापात कापतात, भोकं पाडतात, कडा घासतात आणि मग सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. वरचा थर आधी आकसून घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि वरच्याला आवळून धरतो. हा ताण हीच तिची ताकद. म्हणूनच तिला नंतर भोक पाडता येत नाही, आणि एका जागी तडा गेला की अख्खी काच दाण्या-दाण्यांची होते.

(दृश्य: हातावर घेतलेले काचेचे दाणे.)

सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत, ही टफनची खरी सुरक्षितता. न्हाणीघराच्या पार्टिशनला तेवढी पुरते. तिथे 8 किंवा 10 एमएमची एकेरी काच चालते. चौथ्या मजल्यावर मात्र हे दाणे खाली माणसांवर पडतात आणि बाल्कनीला एक मोकळी चौकट उरते.

कधी कोणी हात न लावताही काच फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिलेला असतो. तो वर्षानुवर्षं सावकाश फुगतो आणि एक दिवस आतून तडा देतो. अशी काच चौकटीत टिकून राहिली, तर तडे जिथून सुटले तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसतात. यावर उपाय म्हणजे हीट सोक: काच पुन्हा तापवून तास-दोन तास तशीच ठेवायची. बहुतेक सदोष काचा कारखान्यातच फुटून जातात. बहुतेक, सगळ्या नाहीत.

म्हणून इथे लॅमिनेटेड टफन हवी. 6 एमएमच्या दोन काचा आणि मध्ये दीड एमएमचा चिकट पापुद्रा. एक काच फुटली तरी दाणे पापुद्र्याला धरून राहतात आणि दुसरी उभी असते. दोन्ही फुटल्या तर पीव्हीबी या नेहमीच्या मऊ प्लास्टिकच्या पापुद्र्याची काच ओल्या चादरीसारखी वाकते. त्यासाठी वरून सलग हँडरेल पाहिजे. समुद्राचं दृश्य अडतं म्हणून ती नको म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते चौथ्या मजल्यावर हा हट्ट बरा नव्हे.

(दृश्य: स्पिगॉट जवळून. तळपट्टी, चार बोल्ट.)

आता खालची बाजू. घरगुती बाल्कनीच्या रेलिंगवर मीटरमागे साधारण 75 किलोचा आडवा जोर धरतात. आपला पॅनेल 1.2 मीटर रुंद, म्हणजे 90 किलो. तो जमिनीपासून 1.1 मीटरवर लागतो आणि खाली स्पिगॉट दोनच. तळपट्टी बाहेरच्या कडेवर उलटू पाहते आणि आतल्या बोल्टना वर ओढते. पट्टी दहा सेंटिमीटरची असेल, तर प्रत्येक स्पिगॉटच्या आतल्या दोन बोल्टवर मिळून ही ओढ सहाशे किलोंवर जाते.

एवढी ओढ टाइलखालच्या भुसभुशीत मसाल्यात टिकत नाही. जुन्या घरांत तर जांभ्या चिऱ्याच्या कठड्यावरच फास्टनर ठोकलेले दिसतात. चिरा सच्छिद्र, ठोकताना ठिसूळ होतो आणि फास्टनर हळूहळू हलायला लागतो. बोल्ट स्लॅबच्या काँक्रीटमध्येच खोल जायला हवा, तोही कडेपासून पुरेसा आत. चिरा असेल तर त्यावर आधी सळया घालून काँक्रीटचा पट्टा ओतायचा, काच नंतर.

आणि स्टेनलेस पोलाद 316 प्रतीचं. 304 वर समुद्राकाठी चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग येतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या वाऱ्याला जास्त दाद देत नाही. लोहचुंबकाने हा फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. काच आणि धातू कुठेही थेट टेकता कामा नये, मध्ये रबर किंवा नायलॉन हवंच. या काचेला तळव्याचा धक्का सोसतो, कडेवर रुतलेला बोल्ट सोसत नाही.

(दृश्य: नवी काच उतरवली जाते. कोपऱ्यावरचा शिक्का.)

बसवण्याआधी कोपऱ्यावरचा टफनचा शिक्का बघा. लॅमिनेटेड असेल तर कडेला दोन काचांमधली रेघ डोळ्यांना दिसते. बसल्यावर पॅनेल वरून हलवून पाहा. काच थोडी लवणं ठीक, तळपट्टी हलली तर काम परत उघडायला लावा. मग दर महिन्याला गोड्या पाण्याने स्पिगॉट धुवायचे, आणि पावसाळ्यानंतर बोल्ट व रबर तपासायचे.