डाळ तडक्याला कोळशाचा धुंगार

नमस्कार श्रोतेहो. ढाब्यावरच्या डाळ तडक्याचा तो धुरकट वास घरच्या डाळीला आणायचा, तर त्याची रीत अवघड नाही. पेटलेला कोळसा वाटीत ठेवायचा, त्यावर तूप सोडायचं आणि पातेलं झाकायचं. याला धुंगार म्हणतात. राजस्थान आणि अवधच्या स्वयंपाकात मांसाच्या पदार्थांना तो पूर्वीपासून देतात. पण घरी हाच प्रकार करताना पुष्कळदा डाळ कडवट होते, घशाशी खवखवते, किंवा वास लागतच नाही. यांतल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. डाळीत धूर जायला हवा तो तुपाचा, आणि जातो तो कोळशाचा.

म्हणून आधी कोळशाकडे बघू. आपल्याला लाकडी कोळसा हवा, इस्त्रीत किंवा शेगडीत घालतात तो. दगडी कोळसा अन्नाजवळ आणूसुद्धा नका, त्यात गंधक असतं. काडी लावताच पेटणाऱ्या गोल वड्या मिळतात, त्याही नकोत. त्या चटकन पेटाव्यात म्हणून त्यांत रसायन मिसळलेलं असतं आणि त्याचा वास डाळीत उतरतो. चार माणसांच्या डाळीला दीड ते दोन इंचांचा एक तुकडा पुरतो. तो कोरडा हवा. दमट कोळसा तापताना तडतडतो आणि ठिणग्या उडवतो, म्हणून पावसाळ्यात तो आधी उन्हात किंवा तापलेल्या तव्याजवळ ठेवून सुकवून घ्या.

तुकडा थेट बर्नरवर ठेवू नका, राख छिद्रांत पडते. पापड भाजायची जाळी ठेवा, त्यावर कोळसा ठेवा आणि गॅस मोठा करा. पाच ते सात मिनिटं लागतात, मधे एकदा चिमट्याने उलटायचा. सुरुवातीला तो थोडा धूर सोडतो. लाकूड जाळून कोळसा करताना आत राहिलेले अंश त्या वेळी बाहेर पडत असतात, आणि डाळीला कडू करतात ते हेच. तो धूर थांबला, तुकडा सगळीकडून लाल झाला आणि वर करड्या राखेचा पातळ थर आला, की कोळसा तयार झाला. एक बाजू जरी काळी दिसली तरी आणखी मिनिटभर थांबा. घाई होते ती इथेच, आणि पुढे कितीही काळजी घेतली तरी ती भरून निघत नाही. इंडक्शनवर हे जमणार नाही, त्यासाठी छोटी शेगडी लागेल, आणि ती मोकळ्या हवेतच पेटवायची.

आता डाळ. एक वाटी तूरडाळ आणि मूठभर मूगडाळ हळद घालून शिजवून घ्या. कढईत दोन चमचे तुपात जिरं, आलं-लसूण, एक कांदा आणि एक टोमॅटो परतून त्यात डाळ घाला, मीठ घाला आणि पाच मिनिटं उकळू द्या. डाळ मध्यम दाट ठेवा, म्हणजे वाटी तिच्यावर टिकेल. मग ती अशा पातेल्यात काढा, की वर निदान तिसरा हिस्सा मोकळा राहील. धुराला फिरायला जागा हवी. कुकरमध्येच धुंगार देऊ नका, रबरी रिंगेला वास लागतो आणि पुढे कितीतरी दिवस भातालाही तो येत राहतो.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात. गॅस बंद करा आणि डाळीची उकळी पूर्ण बसू द्या, दोन-तीन मिनिटं. उकळत्या डाळीवर झाकण घातलं तर पातेलं वाफेने भरतं, धुराला जागा उरत नाही, आणि झाकणावरून ठिबकणारं पाणी कोळसा विझवतं. वास लागत नाही अशी तक्रार असते, तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. डाळ गरम हवी, पण उसळती नको. वर तुपाचा पातळ तवंग दिसत असेल तर फारच चांगलं. धुरातले वासाचे बरेच अंश पाण्यापेक्षा स्निग्धात सहज मुरतात, म्हणून तवंग धूर धरून ठेवतो.

धुंगार देण्याआधी वाटीभर डाळ बाजूला काढून ठेवा. कारण पुढे सांगते.

डाळीच्या मधोमध स्टीलची छोटी वाटी ठेवा. डाळ पातळ असेल तर वाटी कलंडते, तेव्हा खाली दुसरी वाटी पालथी घाला. कांद्याच्या जाड पाकळीची वाटीही चालते. काच किंवा प्लॅस्टिक मात्र नको. कोळशावरची राख डाळीपासून दूर, ओट्याच्या कडेला फुंकून टाका, मग चिमट्याने तो वाटीत ठेवा. झाकण दुसऱ्या हातात तयार असू द्या. लांब दांड्याच्या चमच्याने अर्धा छोटा चमचा पातळ तूप कोळशावर सोडा, चेहरा बाजूला ठेवा आणि लगेच झाका. लाल कोळसा 600 अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो आणि तूप साधारण 250 अंशांनाच धूर सोडू लागतं, त्यामुळे पांढरा दाट धूर क्षणात उठतो. झाकायला दहा सेकंद उशीर झाला तरी त्यातला चांगला भाग घरभर गेलेला असतो. झाकणाला वाफेचं भोक असेल तर ते कणकेच्या गोळीने बुजवा.

तूप जास्त घातलं तर धूर जास्त होईल असं वाटतं. तसं होत नाही. जादा तूप वाटीत साचतं, कोळसा त्यात बुडतो, तूप पेटतं आणि काजळीचा उग्र धूर येतो. ज्वाळा दिसलीच तर पाणी ओतू नका, झाकण घट्ट दाबून धरा. हवा तुटली की ती विझते.

दोन मिनिटं पुरेत. तीनपर्यंत चालेल. पाच मिनिटांनंतर डाळीची चव मागे पडते आणि फक्त धूर उरतो. झाकण उघडताना ते तिरकं धरून पटकन बाजूला घ्या, कारण आतल्या बाजूला पिवळसर चिकट थेंब जमलेले असतात. ते डाळीत पडले तर कडवटपणा येतो. झाकण पुसूनच पुन्हा वापरा. वाटी काढा, डाळ तळापासून ढवळा, कारण वास वरच्या थरातच बसलेला असतो, आणि मग चाखा.

धूर जास्त झाला असेल तर बाजूला ठेवलेली वाटीभर डाळ आता उपयोगी पडते. ती मिसळा, आणि तरी उग्र वाटलं तर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं उकळा, वास उतरतो. लिंबू पिळून मात्र कडूपणा जात नाही. धूर कमी वाटला तर तोच कोळसा पुन्हा वापरू नका. तो अर्धवट निवलेला असतो, त्यावर तूप नीट जळत नाही. दुसरा पेटवा.

वरचा तडका यानंतर, अगदी वाढताना द्यायचा. दीड चमचा तुपात लसणाचे काप गुलाबी करा, दोन सुक्या लाल मिरच्या घाला, गॅस बंद करून चिमूटभर हिंग आणि काश्मिरी तिखट टाका, आणि डाळीवर ओता. हा तडका आधी घालून मग धुंगार दिला तर लसणाचा ताजा वास धुराखाली दबतो. डाळ उद्यासाठी ठेवायची असेल तर धुंगार उद्याच द्या, पुन्हा गरम करताना तो बराच उडून जातो.

हे सगळं होईपर्यंत स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नसतो. वापरलेला कोळसा कचऱ्याच्या डब्यात तसाच टाकू नका, राखेआड तो बराच वेळ धुमसत राहतो. वाटीतलं तूप ओघळू न देता, चिमट्याने तो पाण्याने भरलेल्या धातूच्या भांड्यात सोडा आणि पूर्ण गार झाल्यावरच फेका.