दाबकेंद्र आणि आपोआप उलटणारं दार

नमस्कार श्रोतेहो. पाण्यात उभी बुडवलेली एक आयताकृती पाटी डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा, आणि पाण्याची पातळी बरोबर पाटीच्या वरच्या काठाशी. पाणी पाटीला ढकलतं, पण सगळीकडे सारख्या जोराने नाही. वर जवळजवळ काहीच दाब नाही, आणि खाली जाल तसा तो वाढत जातो. आता हा पसरलेला सगळा जोर काढून टाकायचा आणि त्याच्याऐवजी एकाच बोटाने तेवढाच जोर लावायचा, असं ठरवलं तर बोट कुठे टेकवायचं? त्या जागेला दाबकेंद्र म्हणतात.

ही जागा पाटीच्या मध्यावर नसते. पुन्हा सांगतो, मध्यावर नसते, मध्याच्या खाली असते.

ही जागा शोधायला पाटीच्या आडव्या, अगदी बारीक पट्ट्या करा. एका पट्टीवरचा जोर म्हणजे तिची खोली, गुणिले एक घनमीटर पाण्याचं वजन, गुणिले पट्टीचं क्षेत्रफळ. आता पाण्याच्या पृष्ठभागाची रेघ हा अक्ष धरा. या अक्षाभोवती त्या पट्टीचा मोमेंट, म्हणजे फिरवण्याची ताकद, हवी, म्हणून जोराला पुन्हा एकदा खोलीने गुणा. खोली दोनदा आली, हे लक्षात ठेवा. एकदा दाबामुळे आणि एकदा अंतरामुळे. म्हणून जोराच्या बेरजेत खोलीचं इंटिग्रेशन आहे आणि मोमेंटच्या बेरजेत खोलीच्या वर्गाचं. दुसऱ्या बेरजेला पहिलीने भागलं की दाबकेंद्राची खोली मिळते.

आकडे घेऊ. पाटी ३ मीटर उंच, १ मीटर रुंद. एक घनमीटर पाण्याचं वजन १ टन. खोलीचं इंटिग्रेशन शून्य ते ३ पर्यंत, म्हणजे ९ भागिले २, जोर साडेचार टन. वर्गाचं इंटिग्रेशन २७ भागिले ३, मोमेंट ९ टन-मीटर. ९ ला साडेचारने भागा, उत्तर २ मीटर. पृष्ठभागापासून दोन तृतीयांश खाली, म्हणजे तळापासून एक तृतीयांश वर. पाटी तिरकी असली तरी, पाटीच्या पृष्ठावरून मोजलंत तर हेच प्रमाण राहतं.

अभ्यासक्रमात पाठ करायला लावतात ते जडत्वाचं तयार सूत्र इथे मुद्दाम सांगत नाही. पट्टी मांडता येणाऱ्याला ते दोन ओळींत काढता येतं, आणि पट्टी न मांडता ते वापरणारा पाटीचा आकार बदलला की अडतो.

आता खरी गोष्ट. १८५२ च्या सुमारास शानोआन नावाच्या फ्रेंच अभियंत्याने नदीवरच्या बंधाऱ्यासाठी एक दार रचलं. लाकडी, अरुंद, उंच, आणि प्रवाहाच्या दिशेने थोडं कललेलं. अशी दारं एकाशेजारी एक उभी केली की बंधारा तयार, आणि पूर आला की ती तळावर सपाट झोपवायची, म्हणजे नावा वरून जातात. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ओहायो नदीवर १८८५ साली याच जातीच्या दारांचा बंधारा सुरू झाला. पण त्यातली गंमत झोपवण्यात नाही, बिजागरी कुठे बसवायची यात आहे.

बिजागरी आडवी घ्या आणि आपल्या ३ मीटरच्या दारात तळापासून १ मीटरवर बसवा. दाराचा खालचा काठ पाण्याविरुद्धच्या बाजूने उंबरठ्यावर टेकलेला. पाणी वरच्या काठाशी असताना दाबकेंद्र बरोबर बिजागरीवर. साडेचार टनांचा जोर आहे, पण फिरवण्याची ताकद शून्य.

आता पाणी अर्धा मीटर वर चढू द्या. इंटिग्रेशन आता अर्ध्यापासून साडेतीनपर्यंत. जोर ६ टन, मोमेंट सव्वाचौदा टन-मीटर, भागाकार २.३७५ मीटर. हे नव्या पृष्ठभागापासून. दाराच्या वरच्या काठापासून मोजलं तर १.८७५. बिजागरी २ मीटरवर आहे, म्हणजे दाबकेंद्र बिजागरीच्या साडेबारा सेंटिमीटर वर सरकलं. सहा टनांना एवढा हात मिळाला की पाऊण टन-मीटरचा मोमेंट होतो, आणि दार डोकं पुढे टाकून उलटतं. मोटर नाही, माणूस नाही.

उलट पाणी अर्धा मीटर खाली गेलं, तर दाबकेंद्र तळापासून ८३ सेंटिमीटरवर येतं, बिजागरीच्या खाली. मग पाणीच खालचा काठ उंबरठ्यावर दाबून दार बंद ठेवतं.

बिजागरी मध्यावर असती तर? दार कधीच उघडलं नसतं. पाणी कितीही चढलं तरी दाबकेंद्र मध्याच्या खालीच राहतं, फक्त मध्याजवळ सरकत जातं. या दारात मध्य पाण्याखाली २ मीटरवर असताना ते त्याच्या साडेसदतीस सेंटिमीटर खाली असतं, आणि १० मीटरवर असताना साडेसात. शून्य कधीच होत नाही.

हिशेबात सगळ्यात जास्त घोटाळा अक्षाचा होतो. मोमेंट पृष्ठभागाभोवती काढायचा आणि उत्तर मात्र दाराच्या वरच्या काठापासून मोजायचं! वरच्या उदाहरणात २.३७५ मीटर काठापासून मोजलंत, तर दाबकेंद्र बिजागरीच्या साडेसदतीस सेंटिमीटर खाली दिसेल. तुम्ही म्हणाल दार घट्ट बंद आहे, आणि ते प्रत्यक्षात उलटत असेल. म्हणून उत्तर आलं की एकदाच विचारा, हे अंतर कुठून मोजलं? दाबकेंद्र दाराच्या मध्याच्या वर आलं किंवा दाराच्या बाहेर गेलं, तरी चूक इथेच शोधा.

दुसरी चूक म्हणजे खालच्या बाजूचं पाणी विसरणं. बंधाऱ्याच्या पलीकडे १ मीटर पाणी साचलं, तर ते दाराच्या तळाला उलट ढकलतं. अर्धा टन जोर, त्याचं केंद्र बिजागरीच्या ६७ सेंटिमीटर खाली, म्हणजे एक तृतीयांश टन-मीटर, आणि तोही उघडण्याच्या दिशेने. मग वरची पातळी काठाला पोचण्याआधीच दार उलटतं. हवेचा दाब मात्र दोन्ही बाजूंना सारखा असतो, तो धरायचं कारण नाही.

आणि एक मर्यादा. हा सगळा हिशेब स्थिर पाण्याचा आहे. दार उघडलं की पाणी धावतं, दाबाची वाटणी बदलते, आणि दार ज्या पातळीला उलटलं त्याच पातळीला परत उभं राहत नाही. बिजागरीचं घर्षणही दोन्ही वेळा हालचालीच्या विरुद्धच काम करतं. म्हणून उघडण्याची आणि बंद होण्याची पातळी वेगळी असते, आणि दोन्हींमधला फरक प्रत्यक्ष दारावर किंवा नमुन्यावर मोजूनच ठरवावा लागतो.