स्नोड्रॉपच्या कंदातलं औषध

नमस्कार श्रोतेहो.

कॉकेशसच्या डोंगरांत बर्फ पुरतं वितळलेलंही नसतं, तेव्हा स्नोड्रॉपची पांढरी फुलं मान खाली घालून उमलतात. त्यांचा छोट्या कांद्यासारखा दिसणारा कंद मात्र विषारी असतो. 1952 मध्ये सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून गॅलँटामाइन वेगळं काढलं. आज अल्झायमरच्या सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात ते गोळीच्या रूपात दिलं जातं.

आठवण ठेवताना मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते. त्यासाठी ती मधल्या बारीक फटीत ॲसिटाइलकोलिनचे रेणू सोडते. ते पलीकडच्या पेशीवर टेकले की निरोप पोचला. मग ॲसिटाइलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्या रेणूंचे झटपट तुकडे करतं, म्हणजे पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी. अल्झायमरमध्ये ॲसिटाइलकोलिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. निरोप क्षीण होतो, पण सफाई चालूच राहते. गॅलँटामाइन या एन्झाइमच्या खोबणीत जाऊन बसतं, त्यामुळे उरलेलं ॲसिटाइलकोलिन जरा जास्त वेळ टिकतं. पेशींचं मरणं मात्र थांबत नाही. पेशी फारच कमी उरल्या, की टिकवायलाही काही राहत नाही.

आपल्याकडे कापसावर फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा होते, तेव्हा ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक याच एन्झाइमला धरतं. लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. ते विष एन्झाइमला चिकटून बसतं, सहजी सोडत नाही. गॅलँटामाइन काही तासांत सोडून देतं. औषध आणि विष यांच्यातला मोठा फरक तो हाच.

तरी हे एन्झाइम पोटात आणि हृदयाजवळच्या मज्जातंतूंतही असतं. म्हणून मळमळ, उलट्या होतात, वजन उतरतं, नाडी मंदावते. यासाठीच साध्या गोळीचा डोस हळूहळू चढवतात: सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत 4 मिलिग्रॅम, किमान चार आठवड्यांनी 8, आणि सोसलं तरच 12.

समजा, बहात्तर वर्षांच्या आजी 8 मिलिग्रॅमवर स्थिरावल्या आहेत. लग्नासाठी गावी गेल्या, गोळ्या घरीच राहिल्या, आठवडा गेला. परत आल्यावर सुनेने पुन्हा 8 ची गोळी दिली, आणि रात्रभर उलट्या. औषध तीन दिवसांहून जास्त चुकलं, तर डॉक्टरांना विचारून पुन्हा 4 पासून सुरुवात करावी लागते. आजी उठताना भोवळ येऊन पडल्या, तर आधी नाडी मोजा.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक घरी विचारतो: लघवी वारंवार होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन चालू आहे का? ते ॲसिटाइलकोलिनचा निरोप पलीकडच्या पेशीवर पोचूच देत नाही. म्हणजे एक गोळी निरोप टिकवते, दुसरी अडवते. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना आजींच्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच सोबत न्या.