हिरवा दिवा लागलाय, पण कंट्रोलर चार्ज झालाय का?

(समोर टेबलावर चार गेम कंट्रोलरचा चार्जिंग डॉक. चारही दिवे हिरवे.)

हे बघा, चारही दिवे हिरवे आहेत. कुणीही म्हणेल, चारही कंट्रोलर फुल. आता मी हा तिसरा उचलतो आणि चालू करतो. बॅटरी जवळजवळ संपलेली. रात्रभर तो डॉकवरच होता आणि सकाळी मी उठलो तेव्हाही दिवा हिरवाच होता. माझ्याकडे हे सलग तीन दिवस झालं. कंट्रोलरची बॅटरीच गेली असं समजून मी नवा कंट्रोलर घ्यायलाही निघालो होतो. खरं तर बॅटरी ठणठणीत होती. त्या दिव्याचा अर्थ मला कळला नव्हता, इतकंच.

तर आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. कंट्रोलर खालच्या धातूच्या ठिपक्यांवर टेकवून चार्ज करणारा डॉक घेताना काय बघायचं, आणि त्याचे दिवे वाचायचे कसे.

(तिसरा कंट्रोलर उचललेला. डॉकचा दिवा जवळून.)

मी कंट्रोलर उचलला, तरी दिवा हिरवाच राहिला. स्लॉट रिकामा आहे, तरी हिरवा. म्हणजे हा दिवा बॅटरी किती भरली ते बघतच नाही. पुष्कळशा साध्या डॉकमध्ये स्लॉटमधून करंट जातोय की नाही, एवढंच मोजलं जातं. करंट जात असला की लाल किंवा नारिंगी, आणि तो जवळजवळ थांबला की हिरवा किंवा निळा. बॅटरी भरली की करंट थांबतो. पण कंट्रोलर नीट टेकलाच नसेल, तरीही करंट नसतोच. डॉकच्या लेखी या दोन्ही गोष्टी सारख्याच.

म्हणून डॉक घेण्याआधी त्याच्या माहितीपत्रकात पहिली गोष्ट शोधा: स्लॉट रिकामा असताना दिवा कसा असतो? रिकामा असताना दिवा बंद आणि फुल झाल्यावर हिरवा, असा फरक दाखवणारा डॉक मिळाला तर मी तोच घेईन, भले दिसायला साधा असो. दोन्हीला एकच रंग असेल तरी डॉक टाकाऊ ठरत नाही. मात्र प्रत्येक वेळी कंट्रोलर ठेवल्यावर दिवा लाल होतोय ना, ते दोन सेकंद थांबून बघायची सवय लावावी लागते.

कंट्रोलरचा स्वतःचा दिवाही कामाला येतो. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स कंट्रोलर बंद असताना चार्जिंगला लागला, की त्याची लाइट बार नारिंगी रंगात संथपणे उजळते आणि मंदावते, आणि बॅटरी भरली की विझते. इथेही गडबड होऊ शकते, कारण न टेकलेल्या कंट्रोलरची लाइट बारही विझलेलीच असते. त्यामुळे तपासणी करायची ती नेहमी अर्ध्या संपलेल्या कंट्रोलरवर. भरलेला कंट्रोलर ठेवून काहीच कळत नाही.

आता माझ्या तिसऱ्या कंट्रोलरकडे येऊ. दोष स्लॉटचा की कंट्रोलरचा, हे ओळखायला अदलाबदल करायची. तिसऱ्या स्लॉटचा कंट्रोलर पहिल्यात ठेवला, दिवा हिरवाच. पहिल्या स्लॉटमधला, अर्धा संपलेला कंट्रोलर तिसऱ्यात ठेवला, तर लगेच लाल. म्हणजे स्लॉट ठीक आहे आणि दोष कंट्रोलरबरोबर फिरतोय.

(कंट्रोलर उलटा. तळाचा भाग अगदी जवळून.)

कारण हे. सिलिकॉनचं कव्हर. या कंट्रोलरवर ते आहे, बाकी तिघांवर नाही. तळाशी हेडफोनच्या जॅकजवळ चार्जिंगचे हे धातूचे ठिपके आहेत. तिथे कव्हर कापलेलं आहे, पण त्याची कड थोडी जाड आहे. तिच्यामुळे कंट्रोलर स्लॉटमध्ये जेमतेम एखादा मिलीमीटर वर राहतो. नुसत्या डोळ्यांना तो बसलेलाच वाटतो.

डॉकमधल्या या पिना बघा. प्रत्येक पिनेच्या आत बारीक स्प्रिंग असते. कंट्रोलर ठेवला की पिन खाली दबते आणि स्प्रिंग तिला ठिपक्यावर दाबून धरते. ही दाबली जाण्याची जागा फार थोडी असते, म्हणून कंट्रोलर जरा वर राहिला किंवा एका बाजूला कलला, तरी पिन ठिपक्याला पोचत नाही. कधीकधी पोचते, पण नुसतीच स्पर्श करते, दाब नसतो. हे जास्त त्रासदायक, कारण चार्जिंग सुरू होतं आणि टेबलाला धक्का लागला की तुटतं.

दाब आहे की नाही हे बघायची माझी पद्धत साधी आहे. आधी डॉकची वायर काढायची, हे विसरू नका. मग साध्या कागदाची बोटभर लांब, अरुंद पट्टी कापायची, पिनेवर ठेवायची, कंट्रोलर बसवायचा आणि पट्टी हळूच ओढायची. ती अडली तर दाब आहे. लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली, तर दाब नाही. कव्हरसकट माझी पट्टी अलगद बाहेर आली. कव्हर काढून ठेवला, तेव्हा ती अडली. वायर लावल्यावर दिवा लाल झाला आणि कंट्रोलरची लाइट बार नारिंगी उजळू लागली.

दुसरी खूण कंट्रोलरवरच असते. काही आठवडे वापरलेल्या कंट्रोलरचे ठिपके उजेडात तिरके धरून बघा. पिनेने घासून केलेला बारीकसा डाग दिसेल. डाग मधोमध असेल तर कंट्रोलर सरळ बसतोय. काठावर असेल, किंवा एका ठिपक्यावर मधे आणि दुसऱ्यावर काठाशी असेल, तर कंट्रोलर तिरका बसतोय. अशा डॉकवर तो आज चार्ज होईल आणि उद्या होणार नाही. डॉक निवडताना म्हणूनच खोबण बघा. कंट्रोलर आपोआप एकाच जागी जाऊन बसला पाहिजे, शक्यतो हलका टक आवाज करून. बसल्यावर बोटाने डावीकडे-उजवीकडे ढकलून पाहा. डुगडुगत असेल तर तो डॉक नको.

पिन मळली असेल तर वायर काढून कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, ठिपकेही पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर किंवा कानस अजिबात लावू नका. वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि मग खालचा धातू गंजतो. लाकडी काडीने प्रत्येक पिन हलकेच दाबून सोडा. सगळ्या सारख्याच वर यायला हव्यात. एखादी खालीच अडकली असेल आणि पुसूनही येत नसेल, तर पक्कडीने ओढायच्या भानगडीत पडू नका. वॉरंटी असेल तर डॉक परत करा.

आता लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल. कव्हर काढल्यावर मला वाटलं, सुटलो. त्याच रात्री चारही संपलेले कंट्रोलर एकदम ठेवले आणि चारही दिवे एकसाथ लुकलुकायला लागले. लाल होतात, विझतात, पुन्हा लाल.

कोणत्या लुकलुकण्याचा काय अर्थ, याचा सगळ्या कंपन्यांना लागू होणारा नियम नाही. एकीकडे संथ लुकलुकणं म्हणजे चार्जिंग चालू, दुसरीकडे तोच इशारा बिघाडाचा. म्हणून रंगापेक्षा मी दोन गोष्टी बघतो: एकच दिवा लुकलुकतोय की सगळे, आणि ताल सारखा आहे की तुटक. एकच दिवा तुटक, वेडावाकडा लुकलुकत असेल, तर बहुधा त्या जागी संपर्क जुळतोय-तुटतोय. कंट्रोलर बोटाने हलका दाबा. दिवा स्थिर झाला तर नक्कीच तेच. सगळे दिवे एका तालात लुकलुकत असतील, तर पिनांना दोष देऊ नका, मागचा अडॅप्टर बघा.

(अडॅप्टरवरची बारीक अक्षरं जवळून.)

माझ्या डॉकचा मूळ अडॅप्टर हरवला होता, म्हणून मी जुन्या फोनचा लावला होता. त्यावर लिहिलंय, ५ व्होल्ट, १ अँपिअर. आता हिशेब करू. ड्युअलसेन्सची बॅटरी १५६० मिलिअँपिअर-अवर्सची आहे आणि पूर्ण भरायला साधारण ३ तास लागतात. म्हणजे सरासरी अर्धा अँपिअर, आणि संपलेली बॅटरी सुरुवातीला त्याहून जास्त मागते. चार कंट्रोलर म्हणजे निदान २ अँपिअर. १ अँपिअरच्या अडॅप्टरवर एवढा भार पडला की व्होल्टेज खाली येतं आणि डॉक स्वतःला बंद करतो. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, डॉक चालू होतो, आणि तेच चक्र पुन्हा. तेच आपल्याला लुकलुकताना दिसतं. खात्री करायला दोन कंट्रोलर काढले. दिवे स्थिर झाले. मग ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला आणि चारही ठेवले. कुठेही लुकलुक नाही.

यामुळेच चार स्लॉटचा डॉक कन्सोलच्या यूएसबी पोर्टवर चालवायच्या फंदात पडू नका. साध्या यूएसबी २.० पोर्टची मर्यादा अर्धा अँपिअर आहे, तीसुद्धा चारही स्लॉट मिळून. डॉकसोबत स्वतःचा अडॅप्टर येतो का आणि त्यावर किती अँपिअर लिहिलेत, ते खोक्यावर वाचा. आणखी एक गंमत: डॉकला टाइप-सीचं पोर्ट आहे, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर एकही दिवा लागत नाही, असं काही स्वस्त डॉकमध्ये होतं. चार्जरला ओळख पटवणारे छोटे रेझिस्टर डॉकमध्ये बसवलेलेच नसतात. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की चालतं.

खेळून उठल्या उठल्या कंट्रोलर डॉकवर ठेवला आणि चार्जिंग सुरूच झालं नाही, तर आधी तो हाताला गरम लागतोय का ते बघा. लिथियम बॅटरी जास्त तापली की चार्जिंग रोखलं जातं. पंधरा-वीस मिनिटं थांबा.

तुमच्याकडे वेगवेगळे कंट्रोलर असतील तर एकच डॉक सगळ्यांना पुरेल ही आशा सोडा. एक्सबॉक्सचा साधा कंट्रोलर सेलवर चालतो, त्यामुळे त्याच्या डॉकबरोबर वेगळा बॅटरी पॅक आणि मागचं झाकण येतं. एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स यांची झाकणं एकमेकांना बसत नाहीत, म्हणून खोक्यावर मॉडेल बघूनच घ्या. निन्टेन्डो स्विचच्या प्रो कंट्रोलरला तळाशी ठिपके नसतात, त्याला टाइप-सीमधूनच चार्ज करावं लागतं.

डॉक घरी आला की पहिल्याच दिवशी एक काम करा. अर्धा संपलेला एक कंट्रोलर घ्या, चारही स्लॉटमध्ये एकेक मिनिट ठेवा आणि दिवा काय करतो ते लिहा. मग सगळे स्लॉट रिकामे ठेवून लिहा, चारही भरून लिहा, आणि चार्जिंग पूर्ण झाल्यावर पुन्हा लिहा. तो कागद मी डॉकच्या तळाला चिकटवला आहे.