पितळेचे दोन तुकडे आणि एक घनता

कोल्हापुरातल्या एका शाळेची लॅब. टेबलावर पितळेचे दोन तुकडे, उद्यमनगरच्या एका वर्कशॉपमधून एकाच पट्टीचे कापून आणलेले, एक मोठा आणि एक जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची चकती. आज काढायचीय पितळेची घनता.

आधी वजन. मोठा तुकडा साध्या काट्यावर ९५.४ ग्रॅम भरला, चकती बारीक काट्यावर ४.६३ ग्रॅम. बेरीज १००.०३. आता यातलं किती ठेवायचं, म्हणजे सार्थक अंक, खरोखर मोजून मिळालेले अंक, किती?

"मॅडम, दोन्हीकडं तीन-तीन सार्थक अंक आहेत, मग १०० लिहू की?"

"नको रे, तो नियम गुणाकाराचा. बेरजेत दशांश स्थळं बघायची."

साधा काटा एकाच दशांश स्थळापर्यंत सांगतो, त्याच्या पुढचा अंक त्याला माहीतच नाही, मग बेरजेतला तो शेवटचा ३ आपण कशाच्या जोरावर लिहायचा? म्हणून उत्तर १००.० ग्रॅम. तीन-तीन अंकांची बेरीज करून चार सार्थक अंक आले आणि हे अगदी बरोबर आहे, तो शेवटचा शून्य मोजलेला आहे, खोडायचा नाही.

मग दोन्ही तुकडे एकमेकांना चिकटवून धरले आणि व्हर्नियर लावला. लांबी ४.५२, रुंदी २.१३, जाडी १.२४ सेंटिमीटर. गुणाकार केला की कॅल्क्युलेटर ११.९३८२२४ दाखवतो. इथं मात्र सार्थक अंक मोजायचे, तिन्ही मापांत तीन-तीन, म्हणून आकारमान ११.९ घनसेंटिमीटर.

आणि खरी गडबड पुढंच होते. बरीच पोरं हेच ११.९ उचलून भागाकार करतात, १००.० भागिले ११.९, आणि घनता येते ८.४०. पण कॅल्क्युलेटरमधला पूर्ण आकडा तसाच ठेवून भागाकार केला तर ८.३७६ येतं, म्हणजे तीन अंकांत ८.३८. मोजमाप तेच, काटा तोच, तरी उत्तर बदललं, कारण मधेच राउंड केलं! जर्नलमध्ये ११.९ जरूर लिहा, पण पुढच्या गणितात एक-दोन अंक जादा वागवा आणि राउंडिंग एकदाच, शेवटी करा.

तसं बघितलं तर ८.३८ मधला शेवटचा ८ पण डळमळीतच आहे, कारण जाडीत ०.०१ सेंटिमीटर इकडंतिकडं झालं तरी घनता ०.०७ नं हलते. सार्थक अंकांचा नियम अंदाजे आहे, नेमकी त्रुटी हवी असेल तर ती वेगळी काढावी लागते.

वजाबाकीत तर अजून जपावं लागतं. चकतीचं वजन वेगळं न घेता, साध्या काट्यावर दोन्ही तुकडे मिळून १००.० आणि मोठा एकटा ९५.४ असं घेऊन वजा केलं असतं, तर हातात आलं असतं फक्त ४.६, दोनच सार्थक अंक. म्हणून तर मॅडमनी चकती मुद्दाम बारीक काट्यावर ठेवायला लावली.