तर्रीचा हिशेब

[सकाळी सात. सीताबर्डीतला पोह्यांचा ठेला. पातेल्यावर लाल तवंग.]

नागपुरात पोहे कोरडे खात नाहीत. प्लेट भरली की वर चण्याची तर्री येते, आणि पळी पातेल्याच्या तळाला न जाता वरच्या वरच फिरते. सगळी गोष्ट त्या वरच्या थरात आहे.

[मोबाइलचा पडदा.]

ॲपमध्ये ‘पोहे, एक प्लेट’ शोधलं. एकाच नावाच्या तीन नोंदी निघाल्या: 180, 250 आणि 330 कॅलरी. बऱ्याच ॲपांत अशा नोंदी वापरणारेच भरतात. कुणाच्या घरची प्लेट, किती तेलाची, हे कुठेच लिहिलेलं नाही. आपण मधला आकडा धरला.

[वजनकाटा. उंच काचेचा ग्लास.]

मग दोन पळ्या तर्री चण्यांसकट गाळून घेतली आणि रस या ग्लासात ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. तेल हलकं, ते वर येतं. सकाळी ते चमच्याने अलगद काढून काट्यावर ठेवलं: 22 ग्रॅम. एका ग्रॅम तेलाच्या साधारण 9 कॅलरी, म्हणजे जवळजवळ 200. यात चणे धरलेलेच नाहीत, आणि मसाल्याला चिकटून राहिलेलं तेलही काट्यावर आलेलं नाही. म्हणजे हा आकडा कमीच आहे.

रोज अशी एक प्लेट म्हटली, तर महिन्याला 6000 कॅलरी नोंदीबाहेर. पुढे जाऊ.

[चिवड्याच्या पाकिटाची मागची बाजू.]

पाकिटावरचा आकडा तरी मोजलेला असेल? बहुतेकदा तोही गुणाकारच असतो. या पाकिटावर 100 ग्रॅमला प्रथिनं 14, कर्बोदकं 45, मेद 36. पहिल्या दोघांना 4 ने गुणा, मेदाला 9 ने. बेरीज 560. छापलंयही तेच. हे 4 आणि 9 अमेरिकेच्या विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढले. अन्न जाळून किती उष्णता निघते ते मोजायचं आणि न पचता बाहेर पडणारं वजा करायचं, अशी त्यांची पद्धत. आकडे सरासरीचे. दाणा अख्खा खाल्ला की दळून, हे त्यांना कळत नाही.

[बदाम फोडताना, अगदी जवळून.]

2012 मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी लोकांना अख्खे बदाम खायला देऊन बाहेर पडणारं सगळं तपासलं. 28 ग्रॅमला हिशेबाने 170 च्या आसपास कॅलरी यायला हव्या होत्या, अंगी लागल्या 129. बदामाच्या पेशींच्या भिंती चावूनही पुरत्या फुटत नाहीत, आतलं तेल तसंच निघून जातं. तर्रीतलं तेल मोकळंच असतं, त्याला अशी भिंत नाही.

[पुन्हा ठेला.]

तो ग्लास आम्ही ठेलेवाल्या काकांना दाखवला. त्यांनी उजेडात धरून पाहिला.

“पण भाऊ, लोक हीच तर मागतात. खालची टाकली तर प्लेट परत करतात.”

[पळी. तवंग. पुढची प्लेट.]